बीए, पीएम आणि पीओ: कोणता निर्णय कोणाचा?

सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर नवीन आलेल्या माणसाची पहिल्याच आठवड्यात तिघांशी ओळख होते: बिझनेस अ‍ॅनालिस्ट, प्रोजेक्ट मॅनेजर आणि प्रॉडक्ट ओनर. रोजच्या बोलण्यात बीए, पीएम आणि पीओ. तिघंही मीटिंगला असतात, तिघंही क्लायंटशी बोलतात, तिघंही बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, उघडून बसलेले दिसतात. मग एखादा डेव्हलपर विचारतो, "कूपन लावलेल्या ऑर्डरमधली एकच वस्तू परत आली तर किती पैसे परत द्यायचे?" आणि तिघांकडून तीन उत्तरं येतात, किंवा प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

हा गोंधळ बहुतेक वेळा कामं वाटून घेतल्यामुळे होतो. "स्टोरी बीए लिहील, बॅकलॉग पीओ बघेल, प्लॅन पीएमचा" अशी वाटणी कागदावर छान दिसते, पण प्रत्यक्षात स्टोरी, म्हणजे एका गरजेचं छोटं वर्णन, पीओसुद्धा लिहितो आणि बॅकलॉगमध्ये बीए दिवसभर असतो. कामं एकमेकांत मिसळणारच, त्याला हरकतही नाही. वाटून घ्यायचे असतात ते निर्णय. एका निर्णयाला एकच नाव, आणि ते नाव सगळ्यांना माहीत. ही वाटणी कशी करायची ते वरचंच रिफंडचं उदाहरण घेऊन पाहू.

तिघांचे प्रश्न वेगळे आहेत

पीओ विचारतो: हे केल्याने कोणाला काय मिळणार, आणि ते बाकीच्या गोष्टींच्या आधी का करायचं?

बीए विचारतो: हे म्हणजे नेमकं काय? कोणत्या परिस्थितीत काय व्हायला हवं, आणि यामुळे आणखी कशाला धक्का लागतो?

पीएम विचारतो: हे कधीपर्यंत, किती खर्चात आणि कोणावर अवलंबून राहून होणार, आणि कशामुळे अडू शकतं?

एकाच गोष्टीकडे तिघं तीन बाजूंनी बघत असल्यामुळे तिघंही एकाच मीटिंगमध्ये असणं स्वाभाविक आहे. नवीन माणसाने तिथे एवढंच ओळखायला शिकायचं, की आत्ता चाललेली चर्चा या तीनपैकी कोणत्या प्रश्नाची आहे.

स्क्रम, म्हणजे छोट्या ठरावीक टप्प्यांमध्ये काम करण्याची पद्धत, वापरणाऱ्या टीममध्ये आणखी एक अडचण येते. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्या स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीत प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर्स अशा तीनच जबाबदाऱ्या आहेत. बीए आणि पीएम तिथे नाहीत. म्हणून काही टीम स्क्रम मास्टरलाच पीएम समजतात आणि बीएचं काम "कोणीतरी करेल" म्हणून सोडून देतात. पण बजेट, करार, दुसऱ्या टीमच्या तारखा, नियमांमधले बारकावे हे सगळं गाइडमध्ये नसलं तरी प्रोजेक्टवर असतंच. गाइडमधली एक गोष्ट मात्र जशीच्या तशी घ्यावी: प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नव्हे, आणि त्याने काम दुसऱ्याला सोपवलं तरी उत्तरदायित्व त्याच्याकडेच राहतं. बीए पीओच्या वतीने स्टोरी लिहितो तेव्हा नातं हेच असतं.

पायरी १: निर्णय प्रश्नाच्या रूपात लिहा

तिघांनी एक तास एकत्र बसायचं आणि एका पानावर दहा-बारा निर्णय लिहायचे. प्रत्येक ओळ "कोण ठरवणार" या शब्दांनी सुरू करा. त्यामुळे "रिक्वायरमेंट्स" किंवा "स्टेकहोल्डर मॅनेजमेंट" असले ढोबळ शब्द आपोआप गळून पडतात. "रिक्वायरमेंट्स कोणाच्या?" याला उत्तर नाही. "रिफंडचा नियम काय असावा हे कोण ठरवणार?" याला आहे.

आरएसीआय नावाचा तक्ता बऱ्याच ठिकाणी भेटेल. त्यात प्रत्येक कामापुढे चार गोष्टी मांडतात: करणारा कोण, उत्तरदायी कोण, कोणाचा सल्ला घ्यायचा आणि कोणाला कळवायचं. त्यातला जपण्यासारखा नियम एकच: एका ओळीत उत्तरदायी एकच. दोन नावं आली की दोघंही दुसऱ्याची वाट बघतात. चाळीस ओळींचा तक्ता मात्र करू नका, तो पहिल्या आठवड्यानंतर कोणी उघडत नाही. सुरुवातीला एवढं पुरतं:

| कोण ठरवणार | शेवटचा शब्द | आधी कोणाला विचारायचं |
|---|---|---|
| या रिलीजमध्ये काय घ्यायचं, काय नाही | पीओ | बीए, डेव्हलपर, पीएम |
| बॅकलॉगमध्ये आधी काय, नंतर काय | पीओ | बीए, डेव्हलपर |
| नियम पुरेसा स्पष्ट आणि पूर्ण लिहिला आहे का | बीए | टेस्टर, डेव्हलपर |
| एखाद्या कामाला किती वेळ लागेल | डेव्हलपर | बीए |
| बाहेर कोणती तारीख सांगायची | पीएम | पीओ, डेव्हलपर |
| दुसऱ्या टीमकडून काय, कधी घ्यायचं | पीएम | बीए |
| झालेलं काम स्वीकारायचं का | पीओ | टेस्टर, बीए |

चौथी ओळ मुद्दाम ठेवली आहे. वेळेचा अंदाज या तिघांपैकी कोणाचाच नसतो, तो काम करणाऱ्याचा असतो. पीएमने स्वतःच्या मनाने पाच दिवस लिहिले आणि काम आठ दिवस चाललं, तर त्यात उशीर झालाच नव्हता, अंदाज चुकीच्या माणसाने केला होता.

पायरी २: एक खरी गरज या पानावरून चालवून बघा

पान बरोबर आहे की नाही हे वाद घालून कळत नाही. एक खरी, जरा अवघड गरज घ्या आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेऊन बघा.

ऑनलाइन विक्रीची एक साइट आहे. पीओने बॅकलॉगमध्ये एक ओळ टाकली: "ग्राहकाला ऑर्डरमधली एखादी वस्तू परत करता यावी आणि तिचे पैसे परत मिळावेत." इथे पीओचं पहिलं काम झालं. काय हवं ते त्याने सांगितलं आणि ही ओळ यादीत वर ठेवून तिचं महत्त्वही सांगितलं.

आता बीए बसतो आणि आकडे मांडतो. ऑर्डरमध्ये ६००, ५०० आणि ४०० किमतीच्या तीन वस्तू आहेत, एकूण १५००. किमान १२०० च्या खरेदीवर ३०० सूट देणारं कूपन लावलं आहे, म्हणजे ग्राहकाने १२०० भरले. तो ५०० ची वस्तू परत करतो. उरलेल्या वस्तू १००० च्या, म्हणजे कूपनची अट आता पूर्ण होत नाही. किती परत द्यायचे?

पहिला मार्ग सूट वाटून टाकण्याचा. १५०० वर ३०० सूट, म्हणजे ५०० च्या वाट्याला १०० येते आणि ४०० परत जातात. हिशेब सोपा आहे, ग्राहकालाही पटतो. पण अट गाठण्यासाठी एक वस्तू जास्त घ्यायची आणि मग परत करायची, ही वाट मोकळी राहते.

दुसरा मार्ग सूट काढून घेण्याचा. उरलेल्या वस्तूंचे पूर्ण १००० लावायचे, भरलेल्या १२०० मधून ते वजा करायचे आणि २०० परत द्यायचे. पळवाट बंद होते, पण ५०० ची वस्तू देऊन २०० हातात पडलेला ग्राहक तक्रार करणारच. शिवाय यात एक खड्डा आहे जो पहिल्या उदाहरणात दिसत नाही. समजा ऑर्डर १२५० ची आहे, कूपन लावून ग्राहकाने ९५० भरले आणि २५० ची वस्तू परत केली. उरलेल्या वस्तू १००० च्या, भरलेले ९५०. म्हणजे रिफंड उणे ५०. वस्तू परत करणाऱ्याकडूनच ५० मागावे लागतील.

तिसरा मार्ग वस्तूची छापील किंमत, म्हणजे पूर्ण ५०० परत देण्याचा. हा ऐकायला उदार वाटतो, पण ग्राहकाने एकेक करून तिन्ही वस्तू परत केल्या तर १२०० घेऊन १५०० द्यावे लागतील. पेमेंट गेटवे सहसा जमा झालेल्या रकमेपेक्षा जास्त रिफंड होऊच देत नाही, त्यामुळे शेवटची वस्तू परत करताना सिस्टीम अडकेल.

बीएने एवढं एका पानावर आणलं की त्याचं या टप्प्यातलं काम झालं. तीन मार्ग, प्रत्येकाचं आकड्यांत उदाहरण, प्रत्येकाने कोणाला त्रास होईल, आणि ते लिहिण्याआधी अकाउंट्स आणि कस्टमर सपोर्ट या दोघांशी झालेलं बोलणं. त्याने स्वतःची शिफारस जरूर लिहावी. निवड मात्र त्याची नाही. इथे ग्राहकाला दिलेला शब्द आणि धंद्याचे पैसे यांचा तोल साधायचा आहे, आणि तो पीओने साधायचा.

पीओ पहिला मार्ग निवडतो. कारण सांगतो: पळवाट किती जण वापरतात ते तीन महिने मोजू, प्रमाण वाढलं तर नियम बदलू. निर्णय, कारण, आणि पुन्हा कधी बघायचं, हे तिन्ही एका दमात आलं.

आता त्याच नियमाच्या पोटातला एक छोटा प्रश्न. १०० चं कूपन तीन सारख्या किमतीच्या वस्तूंवर वाटलं तर प्रत्येकी ३३.३३ येतात, बेरीज ९९.९९. उरलेला ०.०१ कुठे जायचा? हे पीओकडे न्यायची गरज नाही. बीएने अकाउंट्सला विचारून "उरलेला फरक शेवटच्या वस्तूवर" असं लिहून टाकायचं. नवीन बीएला इथेच सगळ्यात जास्त अडखळायला होतं: काय विचारायचं आणि काय स्वतः ठरवायचं? एक कसोटी बऱ्यापैकी चालते. ग्राहकाच्या लक्षात येईल, पैशाचा ओघ बदलेल किंवा कोणाला दिलेला शब्द मोडेल असं काही असेल तर पीओकडे. बाकी बीएने ठरवायचं, लिहायचं आणि पुढच्या बोलण्यात पीओला सांगायचं.

पायरी ३: तारीख आणि अवलंबित्व पीएमकडे द्या

नियम ठरल्यावर डेव्हलपर अंदाज सांगतात: रिफंडचं काम आठ दिवसांचं, आणि रिफंडच्या नोंदी अकाउंट्सच्या सिस्टीममध्ये पाठवायला आणखी पाच. पण अकाउंट्सची सिस्टीम दुसऱ्या टीमची आहे आणि ती टीम तीन आठवडे मोकळी नाही. रिलीज तर दोन आठवड्यांवर आलं आहे.

ही माहिती शोधून काढणं हे पीएमचं काम, आणि ती वेळेवर समोर मांडणंही त्याचंच. तो पीओपुढे दोन रस्ते ठेवतो. एकतर रिलीज पुढे ढकलायचं. नाहीतर ठरल्या दिवशीच सोडायचं आणि दुसरी टीम मोकळी होईपर्यंत रोज रिफंडची एक फाइल अकाउंट्सला द्यायची, नोंदी ते हाताने करतील. दुसऱ्या रस्त्यासाठी अकाउंट्सचा होकार लागेल, आणि तो पीएमने आधीच विचारून ठेवलेला असतो. पीओ दुसरा रस्ता निवडतो. बीए त्या फाइलमध्ये कोणते रकाने लागतील ते लिहून देतो.

या टप्प्यावर पीएमच्या हातून एक चूक फार सहज होते. तारीख वाचवायची म्हणून तो डेव्हलपरला सांगतो, "सध्या पूर्ण ऑर्डर परत करण्यापुरतंच करा, एकेक वस्तूचं नंतर बघू." हेतू चांगला आहे, पण तो स्कोपचा, म्हणजे काय आणि किती करायचं याचा, निर्णय आहे आणि पीओच्या कानावरही गेलेला नाही. डेमोच्या दिवशी पीओला जेव्हा ते कळतं, तेव्हा दोघांमधला भरवसा जातो आणि तो परत यायला बरेच महिने लागतात. पीएमने पर्याय कितीही सुचवावेत, तो पर्याय पीओच्या तोंडून येईपर्यंत डेव्हलपरपर्यंत जाऊ नये.

उलट दिशेनेही हेच होतं. पीओ क्लायंटच्या मीटिंगमध्ये उत्साहाच्या भरात सांगून येतो, "महिनाअखेर देतो." तारखेचा शब्द पीएमचा असतो, कारण दुसऱ्या टीम, सुट्ट्या, टेस्टिंगचा काळ हे सगळं एकत्र करून बघणारा तोच. पीओने तिथे म्हणायचं, "पीएमशी बोलून परवापर्यंत तारीख कळवतो."

बजेट पीओच्या अधिकाराबाहेर जात असेल तर निर्णय वर, म्हणजे पैसे देणाऱ्या स्पॉन्सरकडे जातो. तो नेण्याचं काम पीएमचं.

काम मावत नाही तेव्हा

एक नेहमीची परिस्थिती घ्या. रिलीजला चार स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीचे कामाचे चार टप्पे, उरल्या आहेत. काम किती मोठं आहे याचा अंदाज टीम पॉइंटमध्ये मोजते. मागच्या तीन स्प्रिंटमध्ये टीमने १८, २१ आणि २० पॉइंट पूर्ण केले, म्हणजे सरासरी २० च्या आसपास. चार स्प्रिंटमध्ये साधारण ८० होतील. यादीत ९२ आहेत.

पीएमने हे १२ पॉइंटचं अंतर दिसल्या दिवशी सांगायचं. शेवटच्या स्प्रिंटला सांगितलं तर निवड करायला काही उरतच नाही. पीओने १२ पॉइंटचं काम बाहेर काढायचं. आणि काढण्याआधी बीएने सांगायचं, की काय काढलं तर सोबत काय कोसळेल. समजा पीओ "रिफंडचे पैसे साइटवरच्या खात्यात जमा करणे" ही ८ पॉइंटची स्टोरी काढतो. बीए दाखवतो, की रिफंड झाल्याचा ईमेल याच स्टोरीत लिहिलेला होता. तो ३ पॉइंटचा तुकडा वेगळा करून ठेवावा लागेल, नाहीतर ग्राहकाला पैसे मिळाल्याचं कळणारच नाही. म्हणजे खरी बचत ५ ची, आणि पीओला आणखी ७ शोधायचे आहेत. हा हिशेब वेळेवर झाला तर तिघांचं काम एकमेकांना पूरक होतं.

"टीमने यावेळी २३ करावेत" हा तोडगा तिघांपैकी कोणीही मांडू नये. सरासरी आदेशाने वाढत नाही. टेस्टिंगमध्ये काटछाट होते आणि ते काम पुढच्या स्प्रिंटमध्ये बग होऊन परत येतं.

पायरी ४: "हे बरोबर नाही" म्हणजे नेमकं काय ते ओळखा

काम तयार झालं, डेमो झाला आणि कोणीतरी म्हणालं, "हे बरोबर नाही." या एका वाक्याचे तीन वेगळे अर्थ असतात आणि प्रत्येकाचा धनी वेगळा आहे.

स्टोरीत लिहिलं आहे ४०० परत जावेत आणि सिस्टीम ५०० देते आहे. हा बग. डेव्हलपर दुरुस्त करतो, टेस्टर तपासतो.

ग्राहकाने दोन कूपन लावली होती आणि त्याबद्दल स्टोरीत काहीच नाही. ही नियमातली फट. बीएने ती बुजवायची: पर्याय आणायचे, गरज असेल तर पीओचा निर्णय घ्यायचा आणि टेस्टरला नवं उदाहरण द्यायचं.

सिस्टीम अगदी लिहिल्याप्रमाणे चालते आहे, पण बघितल्यावर वाटतं की सूट काढून घेणंच बरं होतं. हा बदल. तो बॅकलॉगमध्ये नवीन ओळ म्हणून येतो, त्याची जागा पीओ ठरवतो आणि तारखेवर किंवा खर्चावर काय परिणाम होईल ते पीएम सांगतो.

ठरलेल्या रकमेच्या करारावर चालणाऱ्या प्रोजेक्टमध्ये हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. बग आणि फट यांचा खर्च सहसा करणाऱ्या कंपनीच्या अंगावर येतो, बदलाचा क्लायंटच्या. म्हणून तिथे बदलाची लेखी नोंद आणि मंजुरी पीएम सांभाळतो. बीएने मोठ्या मनाने प्रत्येक बदल "छोटीच तर गोष्ट आहे" म्हणून स्टोरीत घालत गेलं, तर तीन महिन्यांनी खर्च का वाढला याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

अशा करारात पीओ बहुधा क्लायंटकडचा असतो आणि बीए करणाऱ्या कंपनीचा. पीओला वेळ नसला की बीए त्याच्या जागी उत्तरं देऊ लागतो. हे चालू शकतं, पण एका अटीवर: कोणत्या मर्यादेपर्यंत बीए परस्पर ठरवू शकतो हे पीओने लिहून द्यायचं. उदाहरणार्थ, स्क्रीनवरचा मजकूर आणि रकान्यांचा क्रम बीए ठरवेल, पैशाचा कोणताही नियम नाही.

पायरी ५: निर्णयांची नोंदवही ठेवा

वाटणी टिकते ती नोंदींमुळे. टीमचं जे टूल असेल त्यात एक साधं पान उघडा. ते अद्ययावत ठेवण्याचं काम बीएकडे असलेलं सोयीचं पडतं, कारण बहुतेक प्रश्न त्याच्या हातून जातात. एक नोंद अशी दिसते:

> प्रश्न: कूपन लावलेल्या ऑर्डरमधली एक वस्तू परत आल्यास किती रिफंड?
> निर्णय: सूट किमतीच्या प्रमाणात वाटायची. १५०० च्या ऑर्डरवर ३०० सूट असेल तर ५०० च्या वस्तूला ४०० परत.
> कोणी ठरवलं: पीओ. विचारलं कोणाला: अकाउंट्स, सपोर्ट.
> नाकारलेले मार्ग: सूट काढून घेणे (रिफंड उणे होऊ शकतो), छापील किंमत परत देणे (भरल्यापेक्षा जास्त जाऊ शकते).
> पुन्हा कधी बघायचं: रिलीजनंतर तीन महिन्यांनी.

नाकारलेले मार्ग लिहायला कंटाळा करू नका. चार महिन्यांनी नवीन आलेला कोणीतरी हमखास विचारतो, "सूट काढूनच का घेत नाही?" तेव्हा तीच चर्चा पुन्हा पहिल्यापासून करावी लागत नाही. चॅटमध्ये किंवा फोनवर झालेला निर्णय या पानावर येईपर्यंत झालाच नाही असं धरा.

प्रश्न विचारल्याची तारीख आणि उत्तर मिळाल्याची तारीख हे दोन रकानेही ठेवा. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये उत्तराला नेहमीच तीन-चार दिवस लागत असतील, तर पीओकडे एकतर वेळ नाही किंवा अधिकार नाही. "वर विचारून सांगतो" हे वाक्य वारंवार ऐकू येत असेल तर दुसरी शक्यता खरी. त्यावर पीओला टोचून उपयोग नाही. पीएमने त्या तारखा घेऊन स्पॉन्सरकडे जायचं आणि पीओने कोणत्या मर्यादेपर्यंत स्वतः ठरवावं हे ठरवून घ्यायचं.

नोंदवहीतून बीएचा तोलही कळतो. प्रत्येक प्रश्न पर्यायांशिवाय पीओकडे गेलेला दिसला तर बीए पोस्टमन झाला आहे. उलट एखाद्या स्टोरीत पैशाचा नियम दिसतो आणि नोंदवहीत त्याची ओळच नाही, तर तो निर्णय बीएने गुपचूप घेतला आहे. मधल्या काळात डेव्हलपरने स्वतःच ठरवून टाकलं असण्याचीही शक्यता असते. उत्तरं उशिरा येऊ लागली की असं होतंच.

एकाच माणसाकडे दोन टोप्या

लहान टीममध्ये तीन वेगळी माणसं मिळत नाहीत. मग कोणत्या जोड्या चालतात?

पीओ आणि बीए एकच असणं बऱ्याचदा जमतं, विशेषतः विषय साधा आणि टीम पाच-सहा जणांची असेल तर. फक्त पर्याय शोधणारा आणि निवडणारा एकच झाल्यामुळे त्याला पहिला सुचलेला मार्गच बरोबर वाटतो. म्हणून टेस्टरला स्टोरी लिहिताना सोबत बसवावं. उणे ५० सारखे खड्डे टेस्टर लवकर शोधतात.

पीएम आणि बीए एकच असणंही चालतं, पण रिलीज जवळ आलं की विश्लेषण मागे पडतं. कॅलेंडरवर रोजचे दोन तास फक्त नियम आणि उदाहरणांसाठी राखून ठेवले तरच ते टिकतं.

पीएम आणि पीओ एकच माणूस असणं शक्यतो टाळा. एकाने तारीख आणि खर्च धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने उपयोग. ही ओढाताण मुद्दाम दोन माणसांत ठेवलेली असते. ती एकाच्या डोक्यात गेली की बहुतेक वेळा तारीख जिंकते, कारण चुकलेली तारीख लगेच सगळ्यांना दिसते आणि उपयोग न झालेलं फीचर फार उशिरा कळतं. दुसरा इलाजच नसेल तर स्कोप कमी करण्याचा प्रत्येक निर्णय नोंदवहीत लिहून स्पॉन्सरला दाखवायचा.

पहिले दोन आठवडे

तुम्ही यापैकी कोणत्याही भूमिकेत नव्याने आला असाल तर पहिल्या दिवशी तक्ता मांडू नका. आधी मागच्या दोन स्प्रिंटच्या स्टोरी वाचा आणि त्यातले पाच-सहा निर्णय निवडा. प्रत्येकापुढे लिहा: प्रत्यक्षात हे कोणी ठरवलं? टीमला विचारून लिहा, पदनामावरून अंदाज बांधू नका. बहुतेक ठिकाणी एखादा निर्णय भलत्याच माणसाने घेतलेला सापडतो आणि एखाद्याचा धनीच सापडत नाही.

ही यादी घेऊन दुसऱ्या आठवड्यात बाकी दोघांबरोबर तो एक तास बसा. धनी न सापडलेल्या ओळींपासून सुरुवात करा, तिथे वाद सगळ्यात कमी होतो. ज्या ओळीवर दोघं हक्क सांगतात, तिथे एकच प्रश्न विचारा: हा निर्णय चुकला तर उत्तर कोणाकडे मागितलं जाईल? ज्याच्याकडे मागितलं जाईल त्याचं नाव लिहा. तेवढ्यानेही सुटलं नाही तर ती ओळ स्पॉन्सरकडे न्या आणि त्याच आठवड्यात उत्तर घ्या. पान टीमच्या बॅकलॉगशेजारी लावा, आणि पुढच्या रिलीजनंतर नोंदवही उघडून तपासा: पानावर एक नाव आणि नोंदींमध्ये सतत दुसरंच नाव दिसत असेल, तर पान किंवा सवय, दोन्हीपैकी काय बदलायचं ते तिघांनी ठरवा.